पोळपाटासमोरची मोकळी जागा

मी चित्रकलेची शिक्षिका आहे, जळगावला. मला कुणी भूत दाखवलं तर आधी त्याची सावली कुठल्या बाजूला पडते ते बघेन, इतकी मी कोरडी बाई. या सदरातले अनुभव वाचून आजवर हसतच आले. तरी लिहितेय… कारण वर्ष होत आलं आणि राग काही जात नाही.

धुळ्यात देवपूरकडच्या एका गल्लीत, एका लांब कंपाउंडच्या भिंतीवर मी दहाएक वर्षांपूर्वी एक चित्र काढलं होतं. विषय – मुलगी वाचवा. एका मंडळाने काम दिलं होतं आणि वाक्यही त्यांनीच दिलं: ‘लेक जन्मू दिली नाही, तर पोळ्या कोण लाटणार?’ चित्रात चूल, चुलीपाशी आई आणि समोर पोळपाटावर पोळी लाटणारी सात-आठ वर्षांची पोर. मी अध्यक्षांना म्हटलं, “भाऊ, हिच्या हातात पुस्तक देऊ या ना.” ते म्हणाले, “मॅडम, लोकांना पटेल असं पाहिजे.” म्हणजे पोरगी जगवायची कशासाठी, तर पोळ्यांसाठी! वरून बघावं तर लेकीची बाजू, आणि आतून बघावं तर फुकटची मोलकरीण. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी गप्प बसून लाटणं रंगवलं. उद्घाटनाला नारळ फुटला, माझ्या गळ्यात हार पडला.

गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी शाळेत मोकळा तास होता. अकरा वाजून बारा मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. पाठवणारी माधुरी – माझ्या धाकट्या भावाची, सुनीलची बायको. ती, सुनील आणि माझी आई धरणगावला राहतात. माधुरीला एक मुलगी आहे, आणि तेव्हा तिला चौथा महिना लागला होता. फोटोखाली एवढंच – ‘ताई, हे तुमचंच ना?’

चित्र माझंच. पण त्यात पोरगी नव्हती.

चूल होती, आई होती, पोळपाट होता, वाक्य होतं. पोरीच्या जागी तिच्याच आकाराचं उघडं प्लास्टर. माझं डोकंच फिरलं. कुणीतरी खरवडलंय! मी फोटो मोठा करून बघायला लागले. आणि जसजशी बघत गेले, तसतसं काही जुळेना. खरवडलं असतं तर कडा फाटक्या दिसल्या असत्या. या तर माझ्याच ब्रशने सोडल्यासारख्या स्वच्छ. पूर्ण भिंतीवर आधी प्रायमर, मग पिवळ्या रंगाचा हात आणि त्यावर पोर, असं मी रंगवलं होतं. इथे पिवळाही नाही नि प्रायमरही नाही. वरून चुना फासला म्हणावं, तर पन्हाळीखालची जुनी भेग आईच्या पदरातून त्या मोकळ्या जागेत सरळ गेलेली, कुठेही बुजलेली नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाटणं. लाटण्यावर गुंडाळलेली पोरीची बोटं मी आधी काढली होती आणि लाटणं त्यांच्या दोन्ही बाजूंनी रंगवलं होतं. बोटं गायब, आणि त्यांच्याखाली लाटणं अखंड? ते तर तिथे कधी पूर्ण रंगवलेलंच नव्हतं!

फोटोत कुणी कारागिरी केली असेल म्हणावं, तर माधुरीला साधं फोटोवर नाव टाकता येत नाही.

पुढचे पावणेदोन तास मी काय केलं? अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, “काल संध्याकाळीच तिथून गेलो मी, तुमचं चित्र जागच्या जागी आहे.” त्यांच्याशी भांडले. फेसबुकवर ‘कलेची विटंबना’ म्हणून फोटो टाकला. चाळीस जणांनी निषेध नोंदवला आणि मला बरंही वाटलं! मधल्या सुट्टीत भूगोलाचे पाटील सर डोकावले आणि सहज म्हणाले, “वरून काढलाय फोटो. पहिल्या मजल्यावरून. कुठे उभं राहून काढला?”

मी मुलांना दरवर्षी हेच शिकवते. भिंतीवरचं चित्र फोटोत वाचायचं तर चार गोष्टी विचारायच्या – काय दिसतं, काय वगळलंय, भिंत कुणाची आहे, आणि फोटो काढणारा कुठे उभा आहे. मी पहिल्या दोनातच अडकले होते, कारण चित्र माझं होतं ना!

मग नीट बघितलं. खालच्या कोपऱ्यात खिडकीच्या गजांची सावली. भिंतीला लागून उभ्या असलेल्या रिक्षाच्या काचेत समोरच्या, म्हणजे फोटो जिथून काढला त्याच इमारतीची पाटी, उलटी. आरशातलं वाचतात तशी वाचली – सोनोग्राफी. आणि माधुरी तर या वेळी धरणगावला घरी असायला हवी होती.

माधुरीचा फोन बंद. सुनील उचलेना. आईचा तर कायमच बंद असतो. मी शाळेतून तशीच निघाले, एसटी पकडली. पारोळ्यापर्यंत नुसते नंबर फिरवत होते. पोलिसांना लावावा असं दोनदा मनात आलं, पण मग आईचं नाव सांगावं लागलं असतं. नाही लावला. हे लिहितानाही माझी मला लाज वाटते.

सव्वातीनला पोचले. चित्र समोर जसंच्या तसं. पोरगी जागेवर, बोटं लाटण्यावर, रंग उन्हाने विटलेला. मी जिना चढले. बाकावर आई डबा मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी सुनील मान खाली घालून.

“तू कशाले उनी?” आई म्हणाली. “आते बठ्ठं व्हई गयं.”

“सगळं झालं म्हणजे काय? कुणाला विचारून झालं?”

“हळू बोल. लोक ऐकतस.”

मी हळू बोलले नाही. त्या दिवशी तिथे जे बोलले ते सदरात छापता येणार नाही. डॉक्टर मागच्या दाराने गेला, एवढंच सांगते.

माधुरी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. गोळ्या दुपारी एकच्या सुमाराला दिल्या होत्या. म्हणजे मी फेसबुकवर निषेध मोजत होते तेव्हा.

“ताई, आई शेजारीच बसल्या होत्या, काही लिहिता येईना,” ती म्हणाली. “म्हटलं फोटो पाठवावा. तुम्ही मुलांना फोटो वाचायला शिकवता ना… तुमचा फोन येईल म्हणून वाट बघितली. मग यांनी फोन काढून घेतला.”

मी तिला माझ्या फोनमधला फोटो दाखवला. तिने तो मोठा करून बघितला. मग उशाखालचा, नुकताच परत मिळालेला आपला फोन काढून तोच फोटो उघडला. तीच वेळ, तीच गजांची सावली, तीच रिक्षा. तिच्या फोटोत पोरगी होती.

“मी तर पूर्ण चित्र पाठवलं होतं, ताई.”

आज माधुरी तिच्या मुलीसोबत माझ्याकडे, जळगावात मेहरूणला राहते. आईशी आणि सुनीलशी मी बोलत नाही. दोन्ही फोन मी जाणकारांना दाखवले. दोन्ही फोटो खरेच आहेत, छेडछाड नाही, म्हणाले. मग एकात ती आहे आणि दुसऱ्यात नाही, हे कसं? नाही माहीत. कुणी समजावून सांगितलं तर ऐकेन. आजवर कुणाला जमलेलं नाही.

आम्ही तक्रार केली. दवाखान्याचे कागद सगळे चोख निघाले, गर्भपाताचं कारण म्हणून गर्भातला भलताच दोष लिहिलेला. त्या दिवशी माधुरी त्या खिडकीत होती याचा पुरावा म्हणून, मला आलेल्या फोटोची वेळेसकट प्रिंट जोडली. साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली, चष्मा वर केला आणि वैतागून म्हणाले, “मॅडम, वाक्य मुलीचं आणि चित्रात मुलगीच नाही. मुलगी कुठंय?”

मी म्हटलं, “साहेब, तेच विचारायला आलेय.”