चेहऱ्याचा डेमो प्लॉट

माझं बी-बियाण्याचं दुकान खामगावपासून एसटीनं अर्ध्या तासावर. तरुणपणी आलेल्या पुटकुळ्या मी नखांनी फोडल्या आणि दोन्ही गालांवर खड्डे करून घेतले. शेतकरी मस्करी करायचे, "शेठ, तुमच्या वेळेले अळी न लागणारं बीटी बियाणं नव्हतं काय? अळीनं गाल खाल्ले तुमचे." मीही त्यांच्याबरोबर हसायचो. गिऱ्हाइकाच्या हसण्यानं कुणाचं दुकान बंद पडत नाही.

मुलगी बारावीला गेली आणि तिच्याही गालांवर पुटकुळ्या उठल्या. ती खामगावला क्लासला जायची. आधी तोंडाला दुपट्टा गुंडाळून बसू लागली, मग क्लासला जाणंच बंद केलं. एकदा मी जेवायला घरी आलो, तर स्वयंपाकघरात ती आईला सांगत होती, "मले बाबासारखं तोंड घेऊन नाई फिरायचं." आधी राग आला. मग इतकं वाईट वाटलं की न जेवताच दुकानावर परत गेलो.

दिवाळीच्या आधी तिला खामगावच्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. मुलीनं मोबाइलवर सगळं पाहून ठेवलं होतं. तिला सुयांचं मायक्रोनीडलिंग आणि लेझर, दोन्ही लगेच हवं होतं. बाईंनी विचारलं, सध्या काय लावतेस? मुलीनं मेडिकलमधून आणलेली ट्यूब पर्समधून काढली. बाईंनी ती वाचली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "यात स्टेरॉइड आहे. बंद केल्यावर काही दिवस चेहरा बिघडल्यासारखा वाटेल, घाबरायचं नाही. आणि पिकलेल्या पुटकुळ्यांवर मी सुया फिरवणार नाही, जंतू सगळीकडे पसरतील. आधी काही महिने औषध."

मुलीचे डोळे भरले. तिचा एकाही शब्दावर विश्वास बसला नव्हता. बाईंची नजर माझ्याकडे वळली. "तुमचे खड्डे मात्र जुने आहेत. तुमच्यावर करता येईल. जखम भरताना मांस वर येतं का तुमचं?" मी नाही म्हटलं. त्यावर मुलगी म्हणाली, "मंग पयले बाबावर करा. मले पाहू द्या."

मला हसूच आलं. आमच्या धंद्याची रीतच ही. नवं वाण आलं की कंपनी एकाच्या शेतात ते लावते, बांधावर पाटी ठोकते आणि सगळ्यांना बघायला बोलावते. त्याला डेमो प्लॉट म्हणतात. शेतकरी कानावर नाही, डोळ्यावर विश्वास ठेवतो. मी म्हटलं, "होतो तुया डेमो प्लॉट. पण तू रोज गोळी घ्यायची आन् क्लासले जायचं."

"हाव. पण रोडच्या कडचा, ओलिताचा प्लॉट नाई चालायचा," ती म्हणाली. "फोटो खरे पायजे." माझी पोर, तिला माझी सगळी चलाखी ठाऊक. पाटी ठोकायला मी नेहमी रस्त्याकडचं, भरपूर पाणी मिळणारं शेत निवडायचो, म्हणजे पीक जोमदार दिसतं.

बाईंनी सुरुवातीलाच बजावलं. चार ते सहा वेळा यावं लागेल, दोन वेळांमध्ये महिना-दीड महिना. फरक हळूहळू दिसेल. उथळ खड्डे भरतील, खोल टोकदार राहतील. गाल गुळगुळीत होणार नाही. दर वेळी दोन-तीन दिवस तोंड लाल राहील आणि तेव्हा उन्हात जायचं नाही, नाहीतर काळे चट्टे पडतील. वीस वर्षं मी गल्ल्यामागे बसलो, पण बियाणं काय करणार नाही हे गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी कधी सांगितलं नव्हतं.

पहिली खेप नीट पार पडली. बधिर करायचं मलम लावून पाऊणएक तास बसवलं, मग पेनसारखं यंत्र गालावरून फिरवलं. रक्ताचे बारीक ठिपके आले. तिसऱ्या दिवशी लाली गेली. मुलगी मला खिडकीत एकाच जागी उभं करून फोटो काढायची आणि क्लासला जायची.

दुसऱ्या खेपेच्या दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाच्या शेतातून फोन आला. कपाशीत गुलाबी बोंडअळी निघाली होती. माझ्याच दुकानातलं बीटी बियाणं, आठ-दहा जण बांधावर थांबलेले. मी निघालो तर मुलगी दुपट्टा घेऊन दारात उभी. "तोंड बांधून जा बाबा. डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं?"

मी म्हटलं, "आज तोंड बांधून गेलो तं लोक म्हणतीन, शेठ तोंड लपवून आला." आणि तसाच गेलो.

भर दुपारी त्यांनी माझ्यापुढे बोंडं फोडली. वरून हिरवीगार, आत गुलाबी अळी. दुकान उघडलं तेव्हापासूनचं माझं एक गिऱ्हाईक हळू आवाजात म्हणालं, "तुमीच तं म्हटलं होतं, अळी लागत नाई." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी एवढंच म्हणालो, "हो. म्हटलं होतं." संध्याकाळी घरी आलो तेव्हा गालांची आग होत होती.

दोन आठवड्यांत दोन्ही गालांवर काळपट चट्टे उमटले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सुया थांबवल्या, लावायला मलम दिलं आणि चट्टे निवल्यावर हलकं लेझर टोनिंग करू म्हणाल्या. "त्यानं रंग एकसारखा होईल, थोडी चमकही येईल. खड्डे मात्र भरणार नाहीत. आणि ऊन लागलं तर चट्टे परत येतील."

परतीच्या बसमध्ये मुलगी मोबाइलवर माझे फोटो मागं-पुढं करून पाहत होती. मला एकच भीती होती, माझा प्लॉट जळला, आता ही गोळ्या सोडणार आणि पुन्हा घरात बसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सनस्क्रीन घेऊन पुढ्यात उभी राहिली. "तोंड करा इकडं. बाईनं सांगतलं होतं तसंच झालं ना? मंग बाकीचंबी खरंच असन." त्या दिवसापासून सकाळी तिची गोळी आणि माझं सनस्क्रीन बरोबरच. एकानं टाळलं की दुसरा ओरडायचा.

टोनिंगला दर तीन आठवड्यांनी जायचो. डोळ्यांवर चष्मा, गालावर रबर ताणून सोडावं तशी टिकटिक, आणि लाली दोन-चार तासांत गायब. चट्टे विरले, तिच्या पुटकुळ्याही बसल्या. ती बारावी पास होऊन खामगावच्याच कॉलेजात गेली. उन्हाळ्यात बाईंनी मला सुया लावल्याच नाहीत. जूनमध्ये पेरणीला आलेल्या प्रत्येकाला मी आधी सांगितलं, "अळी येऊ शकते, तिचे पतंग पकडायला कामगंध सापळे लावा." एक-दोन गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली. पुढच्या हिवाळ्यात माझ्या उरलेल्या दोन खेपा झाल्या.

शेवटी बाईंनी माझा पहिला आणि आताचा फोटो शेजारी-शेजारी ठेवले. निम्मे खड्डे भरलेले, खोल जिथल्या तिथे. मुलीनं बारकाईनं पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर." त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. माझ्या गालांसाठी नाही, त्या एका शब्दासाठी.

परतताना बसमध्ये समोर एक म्हातारी बसली होती. तिनं मुलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बापाचंच तोंड घेतलं वं पोरी तू."

मी घाईनं मुलीकडे पाहिलं. मुलीचा हात गालाकडे गेला नाही.

"हाव आजी, बाबाचंच हाय," ती म्हणाली. "फक्त मी उन्हात दुपट्टा बांधते."