चार पानांचं एक पान

ज्या मुलीला एक ओळ वाचायला वेळ लागतो तिला विचारही करता येत नाही, हे तुम्हाला नक्की कुणी शिकवलं?

मला ते कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या घरी खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील संघटनेचं काम करत, गिरणीच्या आणि कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटत. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. ठळक, मोठा टाइप, एका ओळीत एकच गोष्ट, मध्ये भरपूर मोकळी जागा. मजकूर दाटून छापला की वडील चिडायचे. म्हणायचे, "पाळी करून आलेला माणूस वाचणार आहे. त्याचं वाचणं सोपं कर, मागणी सोपी करू नको."

कोल्हापुरातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले तेव्हा हे वाक्य कामाला आलं. सातवीत एक मुलगी होती. बिद्रीच्या वाटेवरच्या गावातून एसटीनं यायची. डिस्लेक्सिया असल्याचं तपासणीत कळलं होतं. जोडाक्षर आलं की अडायची, ओळ सुटायची, फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत तास संपायचा. पण चुलत्याच्या गुऱ्हाळाबद्दल विचारलं की थांबायची नाही.

आमच्या शाळेची रीत अशी की सातवीच्या निकालावरून आठवीच्या तुकड्या पडत. शेवटच्या तुकडीला प्रयोगशाळेचा तास नव्हता. 'ती मुलं काचसामान फोडतात' एवढंच कारण. "बाई, मला त्या तुकडीत टाकू नका," ती मला म्हणाली होती. "मला प्रयोग करायचाय. लिवायला लावा पायजे तेवढं, पण प्रयोग करायचाय."

उष्णतेचा पाठ आला. उद्दिष्टं सगळ्या वर्गाला होती तीच ठेवली: वहन, अभिसरण आणि प्रारण यांतला फरक पुराव्यानं सांगणं, आणि न पाहिलेल्या प्रसंगात काय होईल ते कारणासह सांगणं. बदलली ती वाट. पाठाच्या आधीच हे तीन शब्द चित्रांसह तिच्यासमोर ठेवले, तोडून म्हणून घेतले: अ-भि-स-रण. कार्यपत्रिका पत्रकासारखी केली. मोठा टाइप, छोटी वाक्यं, एका चौकटीत एक प्रश्न, शेजारी आकृती. सूचना मी मोठ्यानं वाचायची. उत्तर नावं दिलेल्या आकृतीनं किंवा तोंडी चालेल. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. 'कारण' मात्र सुटणार नव्हतं.

चंचुपात्राच्या तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकला आणि नेमकं त्याच्याखाली तापवलं. जांभळी रेघ वर चढली, पसरली, कडेनं खाली आली.

"हे आमच्या गुळाच्या काहिलीत हुतंय," ती म्हणाली. "खालचा रस तापला की वर येतोय."

"का वर येतो?"

"हलका हुतोय."

"हलका म्हणजे काय? रस तर तेवढाच आहे."

ती पात्राकडे वाकली. मागून एकानं टोमणा मारला, "बाई, तिला गुळाचं इचारा, पाण्याचं कशाला." वर्ग हसला. ती हसली नाही.

"तापल्यावर फुगतोय. मग तेवढ्याच भांड्यात कमी मावणार. म्हंजे तेवढाच मापून घेतला तर वजनाला कमी भरणार."

ही घनता होती. शब्द मी नंतर दिला.

"आणि जाळ वरून दिला तर?"

"तर वरचं वरच ऱ्हाणार की. खाली यायला जड कुठं झालंय? तळ लई वेळ गार ऱ्हाणार." मग मागे वळून टोमणा मारणाऱ्याला म्हणाली, "गूळ पण व्हणार न्हाय, आता बोल."

घटक चाचणीसाठी मी तिची प्रश्नपत्रिका त्याच रीतीनं केली. प्रश्न सगळ्यांचेच. शेवटचा प्रश्न काहिलीचा नव्हता, खोलीत हीटर जमिनीजवळ ठेवायचा की छताजवळ आणि का, असा होता. चार पानं झाली. ती ऑफिसात झेरॉक्सला दिली, वेळ जास्त द्यायचा आणि प्रश्न वाचून दाखवायचे अशी चिठ्ठी लावली. चाचणीच्या दिवशी माझी देखरेख वरच्या मजल्यावर लागली.

ऑफिसात एक सवय होती. कागद वाचवायचा म्हणून मोठी प्रश्नपत्रिका लहान करून छापायची. माझी चारही पानं एका पानावर बसली. मोकळी जागा गेली, चौकटी चिकटल्या, अक्षरं मुंगीएवढी झाली. चिठ्ठी यंत्राजवळच राहिली. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं.

मी खाली आले तेव्हा तिनं फक्त नाव लिहिलं होतं. तेही खोडून दोनदा.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तो कागद माझ्यासमोर धरला. "हा तुमचा खास पेपर. कोरा आहे."

"हा माझा पेपर नाही. तुम्ही वाचून दाखवा बरं हा, चष्म्याशिवाय."

"तोंड सांभाळून."

"परत छापून देते. उद्या बसवू तिला, मी वाचून दाखवते. तोंडी घ्या, तुम्ही स्वतः घ्या."

"पोरीला किती छळणार तुम्ही? सोपा पेपर द्या आणि सोडा. जोड्या लावा, चूक की बरोबर. पास होऊ दे बिचारी."

"बिचारी नाही ती. जोड्या लावल्यावर अभिसरण कळलं का ते कसं समजणार?"

"समजून काय करायचंय? गुण संध्याकाळपर्यंत भरायचे आहेत."

सोपा पेपर दुसऱ्याच कुणी काढला. जोड्या होत्या, चूक की बरोबर होतं. 'का' कुठेही नव्हतं. तिनं तो लवकर संपवला. जवळपास सगळं बरोबर.

तिचे वडील पेढे घेऊन आले. आनंदानं उभे होते, टोपी हातात. "मॅडम, पहिल्यांदाच एवढं मार्क पडलं बघा. तुमचं उपकार." मी पेढा घेतला. ती त्यांच्यामागे उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "ह्यात काय इचारलंच न्हाय की."

वडील हसले. "ऐका. सोपा आला तरी तक्रार."

वर्ष संपलं. सोप्या पेपरवरचे गुण वेगळ्या रंगानं नोंदवले गेले, आणि त्या रंगाची मुलं शेवटच्या तुकडीत गेली. तीही गेली. मी अर्ज दिला, भांडले, पालकसभेत उभी राहिले. मोठ्या बाई म्हणाल्या, तिच्या भल्यासाठीच आहे. एक पालक म्हणाले, मग आमच्या मुलाला पण सोपा द्या की. सभा हसली आणि चहा आला.

आता ती आठवीत आहे. प्रयोगशाळेच्या तासाला तिची तुकडी कार्यानुभवाला, कागदी फुलं करायला बसते. परवा जिन्यात भेटली. मी म्हटलं, मधल्या सुट्टीत ये, चुंबकाचा प्रयोग करू. ती म्हणाली, "नको बाई. आमाला न्हाय ते." पूर्वी 'मला' म्हणायची. खाली बघून गेली.

मी अजून तिथंच शिकवते. शाळा बदलेल असं मला वाटत नाही. नव्या वर्षाची चार पानं मी स्वतः छापते, झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून, पण ती ज्यांच्यासाठी छापायची ती मुलं तोवर सोप्या पेपरला सरावलेली असतात. पानं उलटतात आणि जोड्या शोधतात.

तुमच्याजवळच्या शाळेत अशा मुलासाठी वेगळा पेपर निघत असेल. या आठवड्यात जा आणि तो मागून घ्या. बाकीच्या वर्गाच्या पेपरशेजारी ठेवा. अक्षर मोठं असेल, वाचून दाखवत असतील, वेळ जास्त देत असतील तर बरं. पण 'का' विचारणारा प्रश्न काढला असेल, तर तिथंच बसा आणि तो परत लिहायला लावा. उद्यावर टाकू नका. संध्याकाळपर्यंत गुण भरले जातात.