मांजरीसह एकटी राहणारी पेशंट

ड्रेसिंग रूममधल्या सिस्टरला सगळं हॉस्पिटल पट्टीबाई म्हणायचं. सडलेली जखम बघून तिच्या कपाळावर कधी आठी पडली नाही. माणसं बघून मात्र हमखास पडायची. तोंडाची फटकळ, हाताची हलकी आणि स्तुतीला हपापलेली. यातलं तिसरं ती मान्य करत नसे. पण परदेशात नोकरी हवी असणाऱ्या नर्सना इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात पत्रलेखनाला तिला वरची श्रेणी मिळाली होती, आणि हे तिने घरातल्या कुणालाच विसरू दिलं नव्हतं.

या परीक्षेत एका पेशंटच्या नोंदींचं भलंमोठं भारूड समोर टाकतात. तुटक शब्द, औषधं, तारखा, आजोबांचा दमा, सगळं त्यात. त्यातून पुढे त्या पेशंटला सांभाळणाऱ्यासाठी छोटं पत्र लिहायचं. का लिहितोय हे सुरुवातीलाच सांगायचं, वाचणाऱ्याला लागेल तेवढंच ठेवायचं, बाकीच्याला खुशाल कचरा दाखवायचा. नर्सना नेमकं हेच जमत नाही, कारण वॉर्डात त्यांना उलटं शिकवलेलं असतं: लिहिलं नाही तर केलंच नाही. त्यामुळे बिचाऱ्या आजोबांचा दमासुद्धा टाकवत नाही.

पट्टीबाई पास झाली, पण गेली नाही. निकाल लागला त्याच महिन्यात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नवरा महिनोन्‌महिने मालवाहू बोटीवर. पट्टीबाईने दोन दिवस भांडी आदळली आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या खोलीत स्वतःची खाट टाकली. पुढे त्या निकालाची मुदत संपून गेली, तेव्हा कुणी विचारलं नाही, तिनेही विषय काढला नाही.

राहिली होती ती फक्त कीर्ती. चष्म्याच्या दुकानावरच्या क्लासमधल्या सरांनी तिच्याकडून एक नमुना पत्र लिहून घेतलं होतं आणि प्रत्येक बॅचला ते झेरॉक्स करून वाटत होते. निवृत्त शिक्षिका, पायाला जुनाट जखम, चालताना काठी, आता घरी सोडताहेत, घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला पत्र. त्यात एक वाक्य होतं: पेशंट एकटी राहते आणि तिची मांजर रात्री पलंगावर, तिच्या पायांवरच झोपते. पट्टीबाईचा या वाक्यावर फार जीव.

एका संध्याकाळी सरांचा फोन आला. "ताबडतोब या. तुमच्या पत्राने माझी वाट लावलीय."

पट्टीबाई तणतणतच जिना चढली. सरांनी सराव परीक्षेचे पेपर पुढे ढकलले. या वेळचा पेशंट होता चार वर्षांचा मुलगा. हातावर गरम चहा सांडून भाजलेलं. त्यालाही घरी सोडत होते, पत्र पुन्हा घरी जाणाऱ्या नर्सलाच. पट्टीबाईने पहिला पेपर वाचला. मुलगा मांजरीसह राहत होता. दुसरा वाचला. मुलाला चालताना काठी लागत होती. तिसऱ्या पेपरातला मुलगा निवृत्त शिक्षक होता, एकटा राहत होता आणि मांजर त्याच्या पायांवर झोपत होती.

"ह्या गाढवीला कुणी नर्स केलं?" पट्टीबाई म्हणाली.

"नाव बघा," सर म्हणाले.

पेपर तिच्या सख्ख्या नणंदेचा होता.

नणंद बालवॉर्डात नर्स. दोनदा नापास झालेली. परदेशातलं हॉस्पिटल तिच्यासाठी जागा धरून बसलं होतं, पण फक्त पुढच्या निकालापर्यंत. नंतर ती जागा दुसरीला. म्हणजे अजून एकदाच संधी, आणि ही बया मांजर पाठ करत बसली होती.

"सगळ्यांना वाटतं मांजरीला मार्क आहेत," सर कसनुसं हसत म्हणाले. "मीच म्हणालो होतो, घरची परिस्थिती लिहा, या पत्रासारखी."

पट्टीबाई सरांवर ओरडणार होती, पण पत्र तिचं होतं आणि ते क्लासच्या भिंतीवर चिकटवलेलं बघून दर वेळी छाती फुगायची तीही तिचीच. तिने नखाने कोपरे सुटे केले आणि कागद काढून पर्समध्ये कोंबला.

घरी नणंद स्वयंपाकघरात बसून तेच पत्र डोळे मिटून पुटपुटत होती.

"बंद कर ते स्तोत्र!" पट्टीबाईने तिच्या हातातला कागद ओढला. "आता ऐक. मी रात्रपाळीला आलेय. पर्स अजून खांद्यावर आहे. तुझा तो भाजलेला पोरगा मला दे. ओव्हर दे."

पाळी बदलताना एक नर्स दुसरीच्या हाती पेशंट सोपवते, त्याला ह्या दोघी ओव्हर देणं म्हणत. नणंदेने ते रोज केलेलं. ती उठून उभीच राहिली.

"चार वर्षांचा मुलगा. डावा हात चहाने भाजलाय, कोपराच्या खाली. फोड आहेत, खोल नाहीये. ड्रेसिंग एक दिवसाआड बदलायचं, आधी अर्धा तास दुखण्याचं औषध द्यायचं, नाहीतर हात लावू देत नाही. ताप, पू, लाली वाढली तर लगेच परत पाठवायचं. आणि वहिनी, आजीने टूथपेस्ट लावली होती. घरच्यांना सांगायला हवं, पुन्हा असं झालं तर आधी नळाचं गार पाणी."

"त्याच्या वडलांचे टॉन्सिल काढलेत, ते?"

"त्याचं मी काय करू?"

"घरात मांजर आहे का?"

नणंद थांबली. मग खुदकन हसली, मग हसता हसता तिचे डोळे भरले. "नोंदींत मांजर नव्हतीच गं."

"बाईच्या जखमेच्या पायावर झोपायची म्हणून माझ्या पत्रात होती ती, शोभेला नव्हती. आता जे बोललीस ते इंग्रजीत लिही. पूर्ण वाक्यात. वाचणारीला काय करायचंय ते आधी."

परीक्षेपर्यंत घराचा दवाखाना झाला. भाजीवाल्याची पाठ, शेजारणीचं गुडघेदुखीचं रडगाणं, जे कानावर पडेल त्याची ओव्हर. लांबण लावली की पट्टीबाई लाटणं आपटायची. निकाल लागला तेव्हा नणंद हिला मिठी मारायला धावली, तर ही म्हणाली, "माझ्याएवढे मार्क नाहीत." आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली.

निघायच्या दिवशी टॅक्सी खाली हॉर्न मारत होती. नणंद सासूबाईंच्या खोलीत शिरली ती बाहेरच येईना. पट्टीबाई दारात जाऊन खेकसली, "विमान काय तुझ्या बापाचं आहे?"

नणंद आईच्या उशाशी ताठ उभी होती, पर्स खांद्यावर. तिने वहिनीकडे बघितलं आणि वॉर्डातल्या आवाजात सुरुवात केली.

"सत्तर वर्षांची बाई. उजवी बाजू लुळी. बोलता येत नाही, पण कळतं सगळं. गोळी गालात धरून ठेवते, गिळली का बघायचं. अंधाराला भिते, पण कळू देत नाही. दिवा चालू ठेवायचा." तिने खांद्यावरची पर्स सावरली. "मुलगी आजपासून नाही."

पट्टीबाईला हे सगळं माहीत होतं. तो दिवा इतकी वर्षं तीच चालू ठेवत होती. तरी तिने नवीन पेशंट घेताना करायची तशी मान हलवली आणि विचारलं, "एकटी राहते?"

"नाही," नणंद म्हणाली. "सून आहे तिची."

सासूबाईंनी डावा हात वर केला आणि पट्टीबाईचा पदर घट्ट धरला.