विहीणबाईंना, इन रितार्दो

मुलीच्या सासूला इंग्रजीत नावच नाही. सिंगापूरला, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात कोणी विचारलं, "हा फोटो कोणाचा?" की मला "माय डॉटर्स मदर-इन-लॉ" असं लांबलचक काहीतरी म्हणावं लागायचं आणि म्हणून होईपर्यंत विचारणाऱ्याचं लक्ष उडालेलं असायचं. आपल्याकडे कसं, विहीण म्हटलं की झालं. नातं, मान आणि थोडी धास्ती, सगळं त्या एका शब्दात येतं.

माझी विहीण इटलीत, समुद्राकाठच्या एका गावात राहायची. लेक इथेच टॅम्पिनीसमध्ये वाढली, शिकायला तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. लग्नात विहीणबाईंनी माझे दोन्ही हात धरून काहीतरी म्हटलं, त्यातला एकच शब्द मला कळला: तू. लेकीनं सांगितलं, "ती म्हणतेय, आपण एकमेकींना 'तू' म्हणू या." मी घाबरलेच. विहिणीला अगं-तुगं? आमच्याकडे त्यावरून लग्नाचे मांडव हलले असते! पण त्यांचा 'तू' आणि आपला 'तू' अगदी एकच, उच्चारानं आणि अर्थानंही. हे कळल्यावर मला त्या भाषेबद्दल उगाचच माया वाटू लागली.

पुढे विहीणबाई आणि मी फोनवर मेसेज पाठवायचो. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन येत नव्हतं, त्यामुळे भांडण व्हायला काही वावच नव्हता. मी त्यांना आमच्या मजल्यावरून दिसणाऱ्या पावसाचे फोटो पाठवायची, त्या मला लिंबांचे. आणि वाढदिवसाला शुभेच्छा.

फेब्रुवारीतला त्यांचा वाढदिवस मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी चोख लक्षात होता. सकाळी एमआरटीची मेट्रो गाठायच्या घाईत, चहा गाळता गाळता मी लिहून टाकलं: तान्ती आउगूरी. खूप खूप शुभेच्छा. पहिला नंबर आपलाच लागणार म्हणून मी खुशीत होते. संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"आई, काय केलंस! तेव्हा इथे आदल्या रात्रीचे अकरा वाजले होते."

"मग? लवकर झालं तर बरंच ना?"

"नो लाह, आई! इथे आधी शुभेच्छा देत नाहीत. अपशकुन असतो. ती झोपायला चालली होती, तुझा मेसेज बघितला आणि तशीच स्वयंपाकघरात जाऊन लोखंडी तव्याला हात लावून आली."

आपण लाकडाला हात लावतो, ते लोखंडाला लावतात. लेकीनं पुढे आणखी सांगितलं, की आउगूरी हा शब्दच मुळात शकुनाचा आहे. शकुन त्याच्या दिवशी किंवा नंतर, आधी नाही. "तू बाळ जन्माला यायच्या आधी कपडे आणू देत नाहीस ना? तसंच." आता हे मला कळू शकत होतं. उलट मला वाटलं, अगदी आपल्यातलीच बाई आहे.

पण महिन्याभरात विहीणबाई घराच्या दगडी पायऱ्यांवरून घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. लेकीनं ते हसत सांगितलं. विहीणबाईही म्हणे हसल्या आणि म्हणाल्या, सिंगापूरहून आलंय हे. मी मात्र हसले नाही. प्लॅस्टर निघालं तरी त्यांना त्या हातानं पाव मळता येत नव्हता, आणि ही बाई आठवड्याला चार घरांना पुरेल एवढा पाव करणारी. मी शकुन-अपशकुन मानत नाही, असं मी चारचौघांत सांगते. मनाचं काही सांगता येत नाही. माझ्या लेकीला जी रोज जेवायला बोलावते, तिच्या हाताला माझा शब्द लागला, हे मला सलत राहिलं.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी ठरवलं: घाई नाही. तिकडे नीट उजाडू द्यायचं. आपल्या दुपारी तीनला त्यांचे सकाळचे आठ वाजतात, तेव्हा पाठवायचं. शनिवार होता. पलीकडे नव्या एमआरटी स्टेशनचं काम चाललं होतं, त्याची घरघर दूरवरून यायची. वरणभात झाला, पंखा मंद लावला आणि मी तीन वाजायची वाट बघत सोफ्यावर पडले. त्या काळात मी अर्धी तिकडेच असायची. इकडे भांडी घासताना मनात यायचं, आता तिकडे खिडक्या उघडल्या असतील, आता लेक कामाला निघाली असेल. दोन घड्याळांच्या मधे कुठेतरी माझं घर होतं, आणि तिथे नेहमी दुपारच असायची.

मला झोप लागली. स्वप्नात मी विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात होते. ते मी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी सगळं ओळखीचं होतं. खिडकीत लिंबं होती, आणि खिडकीबाहेर समुद्राच्या जागी आमच्या ब्लॉकसमोरचा पर्जन्यवृक्ष, त्याची सावली ओट्यावर हलत होती. मी बोलत होते. काय इटालियन बोलत होते! 'तान्ती'मधला त अगदी आपल्या ताकातला. तान्ती आउगूरी, मी म्हटलं, आणि आणखी किती काय काय. विहीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पीठ लागलेल्या उजव्या हातानं माझा हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि मन कसं भरून आलं होतं. शुभेच्छा देऊन झाल्या होत्या. हातावर पिठाचा स्पर्शसुद्धा राहिला होता. नवरा म्हणाला, "चल, हॉकर सेंटरला जेवायला जाऊ, स्वयंपाक नको आज." आम्ही गेलो. मी गाणं गुणगुणत होते. पुढचे कितीतरी दिवस मी त्याच समाधानात काढले, ऑफिसात, गाडीत, भाजी घेताना. विहीणबाईंचं उत्तर आलं नाही, हेही मला खटकलं नाही. त्यांनी हात धरला होता की!

मग लेकीचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"आई, तू तिच्यावर रागावलीयेस का?"

"मी? का गं?"

"तिला वाटतंय, गेल्या वर्षी ती लोखंडाला हात लावायला गेली हे मी तुला सांगितलं आणि तुला ते लागलं. म्हणून या वर्षी तू मुद्दाम शुभेच्छा दिल्या नाहीस. मला म्हणाली, तुझ्या आईला दुखवलं मी. आज जेवलीही नाही नीट."

"अगं, मी दिल्या ना!" असं म्हणत मी फोनमधले मेसेज चाळले. शेवटचा मेसेज जानेवारीतला होता, ढगांचा. शुभेच्छा स्वप्नातच राहिल्या होत्या. लेकीला सगळं सांगितल्यावर ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"हेच लिही तिला."

"तू लिहून दे ना."

"कॅनॉट. माझं इटालियन ती एका ओळीत ओळखेल. तू लिही, मी फक्त बघीन."

त्या वर्षांत फोनवरच्या भाषांतराचा काही भरवसा नसायचा. मी मराठीवरून इंग्रजी, इंग्रजीवरून इटालियन असं करून एक वाक्य काढलं, 'उशीर झाल्याबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे' अशा थाटाचं. लेक म्हणाली, "आई, हे तर कोणी गेल्यावर लिहितात तसं वाटतंय." शिवाय त्यात 'तू' नव्हतं, परक्या माणसाला बोलतात तसं 'आपण' होतं. "हे वाचून तिला वाटेल, तू दिलेला 'तू' परत घेतलास. मग तर राग पक्काच." माफीचेही त्यांच्याकडे प्रकार. 'पेर्दोनामी' म्हटलं की फार मोठा गुन्हा, जवळजवळ देवाजवळ मागायची क्षमा. 'मी दिस्प्याचे' म्हणजे वाईट वाटतं, जड आहे. वाढदिवस विसरण्याला हलकंफुलकं 'स्कूझामी' पुरे, आणि तेही एकदाच, कारण दहादा माफी मागितली की समोरच्याला आपलीच समजूत काढत बसावं लागतं. हे मात्र मला आवडलं. मी "न करण्यापेक्षा उशिरा केलेलं बरं" ही त्यांची म्हण घालणार होते, तीही लेकीनं काढायला लावली. ती म्हणे सगळेच लिहितात, दुकानातल्या कार्डासारखी वाटते.

"आणि शुभेच्छा 'दिल्या' नाही, आई. इथे शुभेच्छा 'करतात'."

मग मला आणखी एक शब्द हवा होता. "सासू नको, बाई नको. विहीण कसं म्हणतात?"

"आहे की. कॉन्सुओचेरा."

मी तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला. इंग्रजीनं मला इतकी वर्षं दमवलं, आणि या भाषेत माझ्या विहिणीसाठी शब्द तयार होता! शेवटी जे पाठवलं ते असं:

कारा कॉन्सुओचेरा, तान्ती आउगूरी, आंके से इन रितार्दो! ते ली आवेवो ज्या फात्ती इन सोन्यो, ए इन पेर्फेत्तो इताल्यानो. स्कूझामी. चेन्तो दी क्वेस्ती ज्योर्नी!

म्हणजे, प्रिय विहीणबाई, खूप शुभेच्छा, उशिरा का होईना! त्या मी तुला आधीच स्वप्नात केल्या होत्या, आणि तेही अचूक इटालियनमध्ये. माफ कर. असे शंभर दिवस येवोत! सोन्यो म्हणजे स्वप्न. लहानपणी लेकीला मी सोन्या म्हणायची, म्हणून तेवढा शब्द मला पाठ करावा लागला नाही.

लेकीनं एकही अक्षर बदललं नाही. मी पाठवलं आणि फोन उपडा ठेवून कपडे वाळत घालायला गेले. खिडकीबाहेरच्या बांबूंना कपडे अडकवताना दोन चिमटे खाली पडले. एवढ्यात फोन वाजला.

फोनवरच्या भाषांतरातून एवढं कळलं, विहीणबाईंनी लिहिलं होतं: आणि स्वप्नात मी तुला काय उत्तर दिलं?

म्हणजे राग नव्हता. आता लेकीला विचारायला वेळ नव्हता, येत होते तेवढे शब्द जुळवून लिहिलं: न्येन्ते. काही नाही. तू माझा हात धरलास.

जरा वेळानं आलं: कोणत्या हातानं?

मी तशीच उभी राहिले. ओला टॉवेल खांद्यावर, खाली झाडाची सावली हलत होती. मला स्वच्छ आठवलं. मी लिहिलं: उजव्या. पिठाच्या.

मग तीनच शब्द आले. आल्लोरा ए ग्वारीता.

नवरा आतून म्हणाला, "काय म्हणतात विहीणबाई? रागावल्यात का?"

"नाही," मी म्हटलं. "म्हणतेय, मग तो बरा झाला."

"कोण?"

"हात," मी म्हटलं, आणि मला रडूच आलं.