चौथ्या प्रश्नातली चूक

सर हाडाचे शिक्षक. छत्तीस वर्षं गणित शिकवलं, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी दुकानातून सामानाची पिशवी आणली की हात आधी झटकायचे, खडूची पूड लागल्यासारखे. फळ्यावर त्यांची चूक सापडली तर पेढे देईन, असं ते दरवर्षी वर्गाला सांगत. पेढे कुणालाच मिळाले नाहीत. सर कंजूष नव्हते, चुकतच नव्हते.

चुकले ते फक्त एकदा आणि ते गणितात नाही. निवृत्तीच्या वर्षी बायको दवाखान्यात होती. मुलीचा फोन आला, "बाबा, लगेच या." सर दहावीच्या सराव परीक्षेवर होते. पेपर संपायला चाळीस मिनिटं राहिली होती. मुलांना असं अर्ध्यावर कसं सोडायचं, म्हणून ते थांबले. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलगी एवढंच म्हणाली, "वर्गातली मुलंच तुमची, बाबा." त्यानंतर तिने त्यांचा फोन उचलला नाही. घर खायला उठायचं. सर दुपारी तिच्या जुन्या खोलीतलं कपाट विनाकारण पुसत बसत.

दुवा एकच, दहावीतली नात. ती सरावपत्रिकेचे फोटो पाठवायची आणि सर उत्तरं कागदावर सोडवून परत पाठवायचे. ती उत्तरं वहीत उतरण्याआधी तिची आई त्या कागदाची प्रत्येक ओळ तपासते, हे नातीनेच सांगितलं होतं. "आई म्हणते, आजोबांचं अक्षर अजून तसंच आहे." हे वाक्य सरांनी आठवडाभर जपून ठेवलं.

त्या दिवशीची पत्रिका रेषेच्या समीकरणांची होती. पहिल्या प्रश्नात चढ ३ आणि y-अंतःखंड −२ दिलेला. लिहायला वेळच लागत नाही: y = 3x − 2. दुसऱ्यात चढ २ आणि बिंदू (1, 5). y − 5 = 2(x − 1), म्हणजे y = 2x + 3. तिसऱ्यात त्याच रेषेला समांतर आणि (4, 1) मधून जाणारी रेषा. समांतर म्हणजे चढ तोच. y = 2x − 7.

चौथ्यात तीच रेषा, तोच बिंदू, पण रेषा लंब हवी. चढांचा गुणाकार −१ यायला हवा, म्हणून चढ −½ आणि समीकरण y = −½x + 3. सरांनी ते मनात केलं आणि पेन उचललं. मग थांबले.

उत्तर बरोबर आलं म्हणून कोण फोन करतं? दोन वर्षं ते बरोबरच लिहीत आले होते.

नुसतं चिन्ह बदलायची चूक वर्गात निम्मी मुलं करतात. सरांनी चढ −२ घेतला आणि लिहिलं: y = −2x + 9. बिंदू घालून पाहिला तर चूक कळणारही नाही, कारण −८ आणि ९ मिळून १ येतंच. ती कळणार चढांचा गुणाकार केल्यावर: २ गुणिले −२ म्हणजे −४. मुलगी तो करणारच, याची त्यांना खात्री होती. नातीला मुद्दाम चुकीचं शिकवतोय, या वयात ही बेइमानी! स्वतःला चार शिव्या हासडून त्यांनी फोटो पाठवून दिला.

तासभर काही नाही. जीव टांगणीला लागला. मग फोन वाजला आणि नाव दिसलं ते नातीचं नव्हतं.

"बाबा, चौथा चुकलाय."

"हो का?"

"अशी चूक तुम्ही कधी करत नाही." तिचा आवाज घाबरलेला होता. "चक्कर वगैरे येते का? डोळे दाखवले का? एकटेच असता, काही सांगतही नाही. मी येऊ का?"

फक्त 'ये' म्हणायचं होतं. थोडं आजारी पडायचं, बस्स. ती संध्याकाळपर्यंत दारात उभी राहिली असती.

"तब्येत ठणठणीत आहे," सर म्हणाले. "मुद्दाम चुकलो."

"मुद्दाम? पोरीच्या अभ्यासात?"

"तू तपासतेस, म्हणून."

"मग सरळ फोन करायचा ना, बाबा!"

"उचलला असतास?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, नातीने काहीतरी विचारलं, खुर्ची सरकली.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "नसता उचलला."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. "ती चाळीस मिनिटं, बाबा. आई सारखी दाराकडे बघत होती."

दोन वर्षं सरांना हेच ऐकायचं होतं आणि हेच ऐकायची भीती वाटत होती. त्यांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"सांग," ते म्हणाले. "सगळं सांग मला."