आठव्या जागेचा आनंद

बहारीनमध्ये सट्ट्याला बंदी आहे, म्हणून माझी पैज इंग्लंडमध्ये लागायची. ऑफिसमधल्या माझ्या ब्रिटिश सहकाऱ्याचा भाऊ तिकडच्या दुकानात जाऊन ती लावत असे. मी जुगार खेळत नाही, अभ्यास करतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. अकाउंटंट माणूस स्वतःला फसवायलासुद्धा आधी एक्सेल उघडतो.

गोल्फमध्ये कोण जिंकणार यावर थेट पैसे लावायचे, तर नावाजलेल्या खेळाडूवर भाव अगदीच कमी मिळतो. म्हणून मी कुणी न विचारलेली नावं शोधायचो आणि ‘ईच-वे’ लावायचो. म्हणजे पैजेचा अर्धा भाग तो जिंकण्यावर आणि अर्धा तो पहिल्या आठांत येण्यावर. जिंकला नाही तरी आठांत आला, की त्या अर्ध्यावर मूळ भावाच्या पाचव्या हिश्शाने पैसे मिळतात.

त्या वेळचा असा खेळाडू शोधला माझ्या मुलीने. ती बारा वर्षांची. दर शुक्रवारी इथल्या रिफा गावातल्या मैदानावर मी तिला गोल्फ शिकवायला न्यायचो. मी आकडे काढत बसलो की ती शेजारी खुर्ची ओढायची. ‘स्ट्रोक्स गेन्ड’ तिला मीच समजावलं होतं: त्याच अंतरावरून बाकीच्यांना सरासरी जेवढे फटके लागतात, त्यापेक्षा याने किती वाचवले, आणि ते लांब फटक्यांत, होलभोवतीच्या हिरवळीवर बॉल आणताना की पटिंगमध्ये, म्हणजे तिथून तो हळूच होलमध्ये ढकलताना. बाबाला या खेळाचं वेड आहे, एवढंच तिला ठाऊक होतं.

त्या आठवड्याचं मैदान अरुंद होतं, वाऱ्याचं, हिरवळी लहान. तिने यादीच्या तळाशी बोट ठेवलं. "बाबा, ही इज शॉर्ट बट स्ट्रेट. लुक ॲट हिज आयर्न्स. ओन्ली हिज पटिंग इज बॅड."

पोरीने बरोबर ओळखलं होतं. पटिंग आज बिघडतं, उद्या सुधारतं. आयर्नने, म्हणजे लोखंडी काठीने, हिरवळीवर नेमका बॉल टाकायचा हात सहसा तसा जात नाही. लांब मारणाऱ्याला त्या मैदानावर काही फायदा नव्हता. सगळे मात्र त्याचे अलीकडचे वाईट निकाल पाहत होते, म्हणून भाव होता एकास दीडशे. मी तिला शाबासकी दिली, गच्चीत गेलो आणि सहकाऱ्याला फोन लावला.

रविवार इथे कामाचा. संध्याकाळी घरी आलो तेव्हा टीव्हीवर शेवटचे होल चालू होते. आमचा माणूस खेळ संपवून एकटा आठव्या जागी बसला होता. त्याला गाठू शकेल असा मैदानावर उरला होता एकच वयस्क खेळाडू, आमच्या माणसापेक्षा एक फटका मागे. एक पट, म्हणजे होलमध्ये ढकलायचा एक फटका, शिल्लक. तो आत गेला तर दोघे बरोबरीत आठवे, आणि माझे जागेचे, म्हणजे आठांत येण्याचे, पैसे निम्मे. समालोचक सांगत होता, की तो पट आत गेला तरच त्याचं पुढच्या वर्षाचं कार्ड टिकणार, म्हणजे या स्पर्धांत खेळायचा हक्क. प्रेक्षकांत त्याची बायको हात जोडून उभी होती.

मुलगी पुटपुटत होती, "प्लीज, प्लीज." तिचंही बरोबर होतं, समोरच्याचा बॉल आत जावा असंच वाटायला हवं, हे मैदानावर मीच तिला शंभरदा ऐकवलं होतं.

बॉल कडेला लागून बाहेर आला.

"हुकला! खलास!" मी सोफ्यावरून उडीच मारली. मूठ आवळून, आनंदाने.

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "बाबा, ही लॉस्ट हिज जॉब." मग माझ्या आवळलेल्या मुठीकडे बघत, "व्हाय आर यू हॅपी?"

तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजला. नेहमीसारखा तिनेच उचलून स्पीकरवर टाकला. सहकारी हसत होता, "फुल प्लेस मनी, मेट! टेल युअर गर्ल शी पिक्ड अ ब्यूटी!"

तिला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. मला जेवढा वेळ लागला होता, त्याहून कमीच. ती रडली नाही, भांडलीही नाही. भांडली असती तर मी बाप म्हणून आवाज चढवून सुटलो असतो. तिचं डोकं मी गुपचूप वापरलं होतं, आणि एका माणसाच्या पोटावर पाय येताना तिच्यासमोर उडी मारली होती. मला माझी किळस आली. सहकाऱ्याला मी सांगितलं, यापुढे माझ्यासाठी काही लावू नकोस. त्याला वाटलं, जिंकून शहाणा झालो.

पुढच्या शुक्रवारी ती नेहमीसारखी माझ्याबरोबर आली, मला वाटलं विसरली. पहिल्याच हिरवळीवर तिला छोटासा पट उरला होता. मी झेंडा धरून उभा होतो. ती बॉलवर वाकली, थांबली, आणि मान वर करून अगदी खरं विचारावं तसं विचारलं,

"बाबा, डू यू वॉन्ट मी टू मेक इट?"