पहिला मिस्ड कॉल

आत्याचा आवाज मोठा आहे, आणि त्याबद्दल तिला बोलून काही उपयोग नाही. जी बाई उभं आयुष्य धडधडणाऱ्या पंपाच्या शेजारी उभी राहून बोलली, ती आता कुजबुजणार कशी? दवाखान्यात तिने डॉक्टरला आपलं दुखणं सांगितलं की बाहेरच्या बाकावरचे सगळे तिला औषधं सुचवायला लागतात.

आत्या म्हणजे खरी आत्या एकाच पोराची, धाकट्या भावाच्या लेकाची. पण पोराने सुट्टीत येऊन "आत्या, आत्या" करत शेत डोक्यावर घेतलं आणि तेव्हापासून जो तो तिला आत्याच म्हणायला लागला. तिच्याहून वयाने मोठे असलेले म्हातारेसुद्धा. तिची त्याला ना नाही. तिला हाक कोणत्याही नावाने मारा, काम काय ते पटकन सांगा.

वडील गेले तेव्हा जमीन दोघा भावंडांच्या नावावर झाली. धाकटा शहरात नोकरीला होता, तिथेच राहिला. आत्याचं सासर फार दिवस टिकलं नाही. ती परत आली ती थेट विहिरीवर. त्या दिवशी मोटर जळली होती आणि गडी डोक्याला हात लावून बसला होता, म्हणून. सासरची पेटीसुद्धा न उघडता तिने मोटर वर काढायला दोर धरला. तेव्हापासून शेत तीच कसते. कुठल्या सरीत पाणी रेंगाळतं, कुठे उंदरांच्या बिळात पळतं, हे तिला पायाने कळतं.

मोटरीची खोली मात्र शेताच्या पार दुसऱ्या टोकाला. वीज कधी पहाटे, कधी भर दुपारी. आली की आत्या पदर खोचून निघायची, हिरवं बटण दाबायची, परत यायची, पाणी फिरवायची, पुन्हा लाल बटण दाबायला जायची. गुडघे कुरकुर करायचे. ती त्यांना म्हणायची, "गप बसा, घरी गेल्यावर बोलू."

हे धाकट्याने पाहिलं आणि त्याला खरंच वाईट वाटलं. धाकटा मनाने वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे तुम्ही त्याला शिव्या द्याल. त्याने शहरातून एक पेटी आणली. लहानशी, आत मोबाइलचं सिम, बाहेर बोटभर ॲंटेना. मेकॅनिकने ती स्टार्टरला जोडली. पेटीच्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग गेली की ती स्वतःच फोन कापते आणि मोटर लावते. पुन्हा दिला की बंद. नाहीतर ऑन किंवा ऑफ असा मेसेज पाठवायचा. मग तीच उलट मेसेज करते, मोटर चालू झाली, बंद झाली, वीज गेली, वीज आली. आत छोटी बॅटरी असते, म्हणून वीज गेल्यावरही तिचं तोंड बंद होत नाही.

"अगदी तुझ्यासारखी आहे ताई," धाकटा म्हणाला. आत्या हसली. तिला पेटी आवडली होती.

मेकॅनिकने आतलं बारीकसं बटण पेनाच्या टोकाने दाबून धरलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. "हं, आता द्या फोन. कोरी आहे ती. ज्याचा पहिला मिस्ड कॉल येईल, त्याला मालक मानते. बाकी कुणाचं ऐकत नाही. मालकाने ज्यांचे नंबर घातले त्यांचंच फक्त."

आत्याचे हात चिखलाने भरलेले होते. ते पुसेपर्यंत धाकट्याचा फोन लागलासुद्धा. पेटीने त्याला मालक म्हणून टाकलं. मग त्याने स्टार्टरच्या लोखंडी कपाटाला कुलूप घातलं. आत वीज, उगाच कुणी हात घालायला नको. मेन स्विच आत, हिरवं बटण आत, पेटी आत, आणि किल्ली त्याच्या गाडीच्या जुडग्यात.

"आणि मला पाणी पाहिजे झालं तर?" आत्याने विचारलं.

"मला फोन कर ना. मी देतो मिस्ड कॉल. तू आरामात बांधावर बस."

आणि आत्या बांधावर बसली. पण आराम कसला? वीज आली की धाकट्याला फोन. तो मीटिंगमध्ये. तो गाडी चालवतोय. तो जेवतोय. एकदा त्याला आठवेना की मिस्ड कॉल दिला की नाही, म्हणून त्याने आणखी एक दिला. लागलेली मोटर बंद झाली. मग दोघंही बसले, तो तिकडे खुर्चीत, ती इकडे उन्हात, पाणी येतंय या भरवशावर. कधी तो मधेच बंद करायचा. "पुरे झालं की ताई, तासभर चालली." तासभर! पाणी काय घड्याळ बघून मुरतं? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आणि आत्या, जिने आयुष्यात कुणाकडे चिमूटभर मीठ मागितलं नाही, ती आपल्याच विहिरीचं पाणी दुसऱ्याच्या ओंजळीने प्यायला लागली.

एकदा तिने न राहवून स्वतःच पेटीला फोन लावला. पेटीने फोन कापला आणि गप्प बसली. मोटर हलली नाही. पण धाकट्याला चुगली पोचली. अनोळखी नंबरवरून फोन आला, असा मेसेज. त्याने लगेच आत्याला फोन केला. "ताई, तू कशाला पेटीला फोन करतेस? बिघडेल ना."

अनोळखी. तो शब्द आत्याने दोन दिवस चघळला.

मग पाइपाचा सांधा सुटला. आत्याने धाकट्याला कळवलं, "मी जोडायला बसतेय, वीज आली तरी लावू नकोस." तो हो म्हणाला. ती चिखलात बसली, दोन्ही टोकं मांडीवर घेतली, रबर गुंडाळायला लागली. तेवढ्यात वीज आली. पेटीने धाकट्याला तसा मेसेज केला. त्याने सवयीने, बहुतेक चहा पिता पिता, मिस्ड कॉल दिला. पाइप उसळला आणि आत्याच्या मनगटावर असा आपटला की ती आडवीच झाली.

"अगं, विसरलोच मी," तो फोनवर म्हणाला. त्याचा आवाज खरंच उतरला होता.

"माझा नंबर घाल त्यात."

"ताई, तुझ्याकडून चुकून काहीतरी दाबलं जाईल. आणि मी आहे ना."

आत्या हळूच "बरं" म्हणाली. तिला ओळखणारा कुणी तिथे असता तर घाबरला असता.

मनगटाची सूज उतरली तसं मिरचीच्या लागवडीचं काम आलं. रोपं तिने स्वतः वाढवलेली, बीही तिच्याच निवडीचं. बायकांनी सकाळी सकाळी लावून टाकली. वीज होती, आणि दुपारी जायची होती. लावल्या लावल्या पाणी मिळालं पाहिजे, नाहीतर कोवळी रोपं उन्हात माना टाकतात आणि मग कितीही पाणी ओता, उठत नाहीत. आत्याने धाकट्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. भावजयीला लावला. ती म्हणाली, "ते विमानात आहेत, ताई. ऑफिसच्या कामाला गेलेत. उतरले की देतील ना मिस्ड कॉल."

ऊन चढलं. कडेच्या सरीतली रोपं आधी वाकली. लावणाऱ्या बायका आत्याकडे बघायला लागल्या, आणि एक म्हणाली, "आता गं?"

"आता काय, आता पाणी," आत्या म्हणाली. तिने अवजारांच्या पिशवीतून लोखंड कापायची करवत काढली आणि मोटरीच्या खोलीकडे निघाली. गुडघ्यांनी तोंड उघडलं नाही.

कुलूप चांगलं होतं, भावाने आणलेलं, महागातलं. कापताना आत्याला त्याचं वाईटही वाटलं, थोडंसं. दार उघडल्यावर आधी तिने मेन स्विच खाली ओढला. हे तिला कुणी सांगायला नको होतं, मनगटाने शिकवलं होतं. आता हिरवं बटण दाबून ती परत येऊ शकली असती. मिरचीपुरतं तेवढं पुरेसं होतं. पण उद्या? कुलूप नवं येईल, आणि ती पुन्हा बांधावर बसेल, मीटिंग संपायची वाट बघत.

तिने बायकांपैकी एकीकडून मागून आणलेलं पेन काढलं. बारीक बटण दाबून धरलं. बॅटरीवर पेटी जागी होतीच. लाल दिवा लुकलुकायला लागला. आत्याने हात पदराला स्वच्छ पुसले, घाई न करता, आणि आपल्या फोनवरून पेटीला पहिला मिस्ड कॉल दिला. एक रिंग. फोन कापला गेला. तिच्या फोनवर मेसेज आला, तुमचा नंबर नोंदवला. मेन वर करून, कपाटाचं दार लावून ती शेतात परत आली, सगळ्या बायका पाइपापासून लांब उभ्या आहेत हे डोळ्यांनी पाहिलं, आणि मग पुन्हा फोन लावला. लांबून मोटरीचा आवाज आला. पाइप फुगला आणि पाणी पहिल्या सरीत शिरलं.

पाणी निम्म्या शेतात पोचलं होतं तेव्हा फोन वाजला. मेसेज. अनोळखी नंबरवरून फोन आला. खाली नंबर. आत्याला तो तोंडपाठ होता. पाठोपाठ तसाच दुसरा मेसेज, मग तिसरा. मग धाकट्याचा खरा फोन.

"ताई, आत्ताच उतरलो. पेटी बिघडली वाटतं, माझं ऐकतच नाही."

"बिघडली नाही रे. सुधारली."

त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो चिडला. कुलूप तोडलंस? न विचारता? सिम माझ्या नावावर आहे, उद्या बंद करून टाकलं तर?

"कर की. हिरवं बटण आहे, आणि मला पाय आहेत. पण कुलूप नाही लावायचं. या शेतात जो उभा आहे तो मोटर लावेल. ज्याला पाणी दिसत नाही त्याने लावायची नाही. माझ्या मनगटाला विचार."

त्याचा आवाज जरा खाली आला. मग तो म्हणाला, "निदान माझा नंबर तरी घाल त्यात."

"कशाला? पाणी पाहिजे झालं तर मला फोन कर. मी देते मिस्ड कॉल."

तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. धाकट्याने पाठवला असणार, पण ते त्याने शेवटपर्यंत कबूल केलं नाही. आत्या मिरचीत होती. रोपं ताठ उभी होती, कडेच्या सरीतली तेवढी थोडी गेली होती, आणि त्यांच्या जागी ती नवी लावत होती. मेकॅनिक बांधावर थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "पेटीचं काम आहे. नंबर बदलायचा म्हणाले. मालक कुठे आहेत?"

आत्या उठली. चिखलाचे हात पुसत तिने त्याच्या पायांकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं. "जरा मागे सरका. हां, तिथेच थांबा."

मग तिने फोन काढून मिस्ड कॉल दिला. शेताच्या दुसऱ्या टोकाला मोटर धडधडायला लागली, आणि त्या आवाजावर आवाज चढवून आत्या म्हणाली, "बोला. काय काम होतं?"